कूलरची घूं जाईल, गप्पा जाणार नाहीत

“माझा पोरगा लातूरला नीटच्या क्लाससाठी राहतो, एका खोलीत तिघं जण. कूलरची घरघर आणि बाकीच्या दोघांच्या गप्पा, यात वाचन होत नाही म्हणून त्याला वायरलेस इअरबड्स पाहिजेत. ऑनलाइन लेक्चरलाही होतील म्हणतो. माझं बजेट दोन हजार. दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. एकावर ‘६० तास, ५० डेसिबल नॉइज कॅन्सलेशन, १३ मिमी ड्रायव्हर, हाय-रेझ’ असं छापलंय, १,७९९ ला. दुसरी म्हणजे महागड्या पांढऱ्या एअरपॉड्सची ‘मास्टर कॉपी’, १,५०० ला. कारखाना तोच, फक्त बिल मिळणार नाही, असं दुकानदार म्हणायलाय. पोराला कॉपी आवडली. मला पहिला डबा बरा वाटतो, आकडे तरी मोठे आहेत. काय घ्यावं?”
— एक वडील, गंगाखेड

आज दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. आधी मुलाला फोन करून एकच विचारा: जास्त त्रास कशाचा होतो, कूलरचा की गप्पांचा? कारण या दोन आवाजांवरचा इलाज एक नाही, आणि डब्यावरचं ‘नॉइज कॅन्सलेशन’ यातल्या एकावरच चालतं.

बडच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतो. तो येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती लहर कानात सोडतो. दोन लहरी एकमेकींवर पडल्या की आवाज विरतो. हे जमायला उलटी लहर अगदी वेळेवर पोचावी लागते. कूलरच्या मोटरची घूं साधारण १०० हर्ट्झची असते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि मोटरचा गुणगुणाट त्याच्या दुपटीनं येतो. अशा आवाजाची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते आणि तीच ती पुन्हा येत राहते. चिपला थोडा उशीर झाला तरी निभावतं. पण बोलण्यातले स, श, च, ट हे आवाज तीन हजार हर्ट्झच्या पुढे-मागे असतात. तिथं लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची, आणि पुढचा शब्द काय येणार हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे साधारण हजार हर्ट्झच्या वर हे तंत्र दमतं. तिथून पुढं जे काही अडतं ते कानात बसलेल्या रबरी टिपमुळे, म्हणजे बोळा घातल्यासारखं.

म्हणून एसटीच्या इंजिनाची, बोअरच्या मोटरची, पिठाच्या गिरणीची घरघर चांगल्या बड्सनी खरोखर बरीच कमी होते. कूलरची घूंही जाते. पाण्याची टपटप आणि वाऱ्याची सर्र मात्र राहते. कुकरची शिट्टी, हॉर्न आणि शेजारच्या कॉटवरच्या गप्पा जवळपास तशाच ऐकू येतात. उलट एक गंमत होते, जी दुकानात कुणी सांगत नाही. आज खोलीतला कूलर त्या गप्पा थोड्या झाकतो. बड्सनी कूलर पुसला की झाकण निघतं, आणि गप्पा पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. मग पोरगं त्यावर गाणी लावतं, आवाज वाढवत जातं, आणि वाचन जिथल्या तिथं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची आहे, त्याहून मोठ्या आवाजाला वेळ आणखी कमी. नीटचा मुलगा रोज सहा-सात तास कानात बड्स घालून बसला तर ४० तास कधी संपले ते कळणारही नाही.

त्रास गप्पांचा असेल तर पहिला इलाज फोमचा इअरप्लग. मेडिकलमध्ये किंवा कारखान्याचं सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, आणि शंभर रुपयांच्या आत त्याच्या बऱ्याच जोड्या येतात. बोलण्याचा आवाज अडवण्यात तो दोन हजारांच्या बड्सना सहज मागं टाकतो, कारण तो कानाची नळीच बुजवतो. पण तो नीट घालावा लागतो. बोटांत चोळून पेन्सिलीच्या शिसासारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. बहुतेक जण अर्धाच घालतात, तो तासाभरात सुटून येतो, आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकला जातो. मळला की नवा घ्यायचा. मुलानं आठवडाभर हे करून पाहावं. लेक्चरसाठी चार-पाचशेचा साधा वायरचा इअरफोन तोवर पुरेल.

आठवड्यानंतर त्यानं सांगितलं, की गप्पा ठीक आहेत पण कूलर डोकं उठवतो, किंवा वायर नको, तर बड्स घ्या. मग पहिल्या डब्याकडं परत येऊ.

‘५० डेसिबल’ हा आकडा आधी. डेसिबलची पट्टी किलोसारखी सरळ वाढत नाही. दहा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पटीनं कमी, आणि कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. ५० कमी म्हणजे ऊर्जा एक लाख पटीनं कमी. जवळच्या कूलरचा आवाज ६० धरला आणि त्यातून खरंच ५० गेले, तर उरतील १०. मध्यरात्रीच्या शांत खोलीतही ३० च्या आसपास आवाज असतो. म्हणजे कंपनीच्या हिशोबानं तुमच्या मुलाला कूलरसमोर बसून मध्यरात्रीहून जास्त शांतता मिळायला हवी. तसं होत नाही. आकडा अगदीच खोटा असेल असंही नाही. प्रयोगशाळेत, रबरी कानावर, एखाद्या खालच्या सुरावर जास्तीत जास्त जेवढी घट मिळाली तेवढी छापलेली असते, आणि तिच्या आधी बारीक अक्षरात ‘अप टू’ लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘३२’ छापलेला डबा ‘५०’ वाल्यापेक्षा कानाला सरस निघणं अगदी शक्य आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे डेसिबल एकमेकांशी ताडून काही हाती लागत नाही.

याहून मोठी फसगत एका अक्षरात आहे. डबा परत हातात घ्या आणि ‘नॉइज कॅन्सलेशन’च्या आगेमागे काय लिहिलंय ते वाचा. एएनसी असेल तर वर सांगितलेलं, ऐकणाऱ्याच्या कानासाठीचं तंत्र. ईएनसी असेल तर तो माइकचा गुण. मुलगा फोनवर बोलत असताना त्याच्या खोलीतला कूलर तुम्हाला गंगाखेडला कमी ऐकू येईल, त्याच्या स्वतःच्या कानाला शून्य फायदा. ‘क्वाड माइक ईएनसी’ म्हणजे चार माइक, तेही बोलण्यासाठीच. स्वस्त डब्यांवर ईएनसी लहान अक्षरात आणि ‘नॉइज कॅन्सलेशन’ मोठ्या अक्षरात छापायची पद्धत आहे. तुमच्या डब्यावर फक्त ईएनसी असेल तर तुमच्या कामासाठी तो तिथंच बाद. आणि एएनसी असलं तरी बड्स रबरी टिपवाले, कानाच्या नळीत बसणारे हवेत. नुसते कानाच्या कडेला टेकणारे, टिप नसलेले बड्स फट सोडतात आणि त्या फटीतून सगळं आत येतं. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या टिपा असतात. लोक मध्यम लावूनच वापरत राहतात. दोन्ही कानांचं माप वेगळं असू शकतं, तेव्हा तिन्ही लावून पाहायच्या. टिप सैल बसली तर एएनसीही लंगडं पडतं आणि खर्जही पातळ होतो, आणि माणूस कंपनीला नावं ठेवतो.

आता ६० तास. हे तास एका बैठकीचे नाहीत. बड एकदा भरल्यावर जितका चालतो, त्यात केसमधून, म्हणजे बड्स ठेवायच्या चार्जिंगच्या डबीतून, तो पुन्हा पुन्हा भरून मिळालेले तास मिळवलेले असतात. डब्याच्या मागं किंवा आतल्या कागदावर साधारण असं सापडेल: बड ४० एमएएच, केस ४८० एमएएच, बड्स १० तास, केससह ६० तास. याचा हिशोब घरीच करता येतो.

दोन्ही बड भरायला ४० दुणे ८० एमएएच लागतात. कागदावर ४८० भागिले ८० म्हणजे सहा वेळा. पण केसमधली वीज बडमध्ये जाताना सगळी पोचत नाही. केसच्या सेलचं ३.७ व्होल्ट आधी ५ व्होल्टवर चढवलं जातं, मग बडमध्ये ते पुन्हा उतरवून सेल भरला जातो. चढ-उताराची ही वाट उष्णता खाते. बड्स भरताना केस कोमट लागते ती याचमुळे. साध्या बनावटीत ६५ टक्क्यांच्या आसपासच हाती येतं. ४८० चे ६५ टक्के ३१२, त्याला ८० नं भागलं की चार वेळाही पुरतं होत नाही, ३.९. म्हणजे बडचे १० आणि केसचे ३९, एकूण ४९ तास. ६० तासांसाठी केसमधून ८३ टक्के वीज पोचायला हवी. या किमतीत ते अवघड आहे.

आणि हे १० तासही कसे मोजलेत? आवाज निम्म्यावर, एएनसी बंद, फोन शेजारीच, पंचवीस अंशांच्या खोलीत. एएनसी चालू केलं की माइक आणि चिप सतत राबतात. १० चे ६ तास होणं यात नवल नाही. मग हिशोब असा: ६ अधिक ३.९ गुणिले ६, म्हणजे २९ तासांच्या आसपास. छापलेल्या आकड्याच्या निम्म्यालाही हे येत नाही, आणि यात कुणी तांत्रिकदृष्ट्या खोटं बोललेलंही नाही.

महागड्या कंपन्यांचे आकडे पाहिले की हे जास्त पटेल. एअरपॉड्स प्रो, दुसरी आवृत्ती: एएनसी चालू ठेवून बड ६ तास, केससह ३०. सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५: एएनसी चालू असताना ८ तास, बंद असताना १२. वीस हजारांच्या वस्तूवर ३० तास आणि १,७९९ च्या वस्तूवर ६०, हे पाहून स्वस्त कंपनीनं काही जादू केली असं समजू नका. एकानं एएनसी चालू ठेवून मोजलं, दुसऱ्यानं बंद ठेवून.

तुमच्या मुलाला तर एकूण तासांचं कामच नाही. खोलीत प्लगपॉइंट आहे, रात्री केस भरता येते. दोन-तीन तासांचं लेक्चर एका दमात निघालं की झालं. म्हणून डब्यावर शोधायचा आकडा एकच: ‘एएनसी ऑन’ असताना एका चार्जमध्ये किती तास. तो छापलेलाच नसेल, तर कंपनीला तो सांगायचा नाही असं समजा. माझ्या मते पाच खरे तास पुरेसे आहेत, कारण ही बॅटरी दर वर्षी थोडी मरते. इतका छोटा लिथियम सेल तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून-संपून झाला की मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर येतो, आणि बडमधला सेल बदलून मिळत नाही. आपल्याकडचं ऊन त्यात भर घालतं. असा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम असतो. मे महिन्यात लातूर-नांदेडला सावलीतच पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याखालच्या खोलीत खिडकीशी चार्जिंगला लावलेली किंवा गाडीच्या डिकीत विसरलेली केस ती मर्यादा सहज ओलांडते. मुलाला एवढं सांगून ठेवा.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण तुमच्या कामाला त्यातलं फारसं लागत नाही. १३ मिमी ड्रायव्हर म्हणजे आतल्या पडद्याचा व्यास. मोठं पातेलं घेतल्यानं भाजी चवदार होत नाही, तसंच हे. दहा आणि सहा मिमीचे ड्रायव्हर असलेले उत्तम बड्स आहेत. ‘एक्स्ट्रा बास’ असेल तर तुमच्या बाबतीत ती उणीवच धरा. शिकवणाऱ्याचा आवाज समजायला मधले सूर स्वच्छ लागतात. फुगवलेला खर्ज त्यांच्यावर बसला की सर भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येतात. ‘हाय-रेझ’ हा शिक्का ब्लूटूथवरून जास्त तपशील पाठवणाऱ्या कोडेकसाठी असतो, जसा सोनीचा एलडॅक, जो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवतो. मोबाइलवरच्या लेक्चरचा आवाज मुळातच सव्वाशे-दीडशे किलोबिटमध्ये दाबलेला येतो. रांजण कितीही मोठा असला तरी आडात आहे तेवढंच पाणी पोहऱ्यात येणार. शिवाय प्रत्येक खोलीत वायफाय असलेल्या हॉस्टेलात एलडॅक स्वतःच ३३० वर उतरतो. ‘ब्लूटूथ ५.३’ चा आवाजाच्या दर्जाशी संबंध नाही. एक गोष्ट मात्र माहीत असावी: लेक्चरमध्ये प्रश्न विचारायला माइक चालू केला की बड्समधला आवाज एकदम जुन्या फोनसारखा होतो. तो बिघाड नाही. ब्लूटूथ तेव्हा बोलण्याच्या मोडमध्ये जातं आणि दोन्ही बाजूंना कमी जागा मिळते. लॅपटॉप असेल तर सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडायचा, आवाज पुन्हा सुधारतो.

आता कॉपीकडे, कारण मुलाचं मन तिच्यावर आहे आणि दुकानदाराचं वाक्य गोड आहे. ‘कारखाना तोच’ हे गृहीत जरा तपासून पाहू. पांढऱ्या प्लॅस्टिकचा आकार कोणत्याही साच्यावाल्याला जमतो, झाकणाच्या टक् आवाजासकट. आतलं जमत नाही. खऱ्या एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲपलची एच२ चिप आहे, ती सुटी विकत मिळत नाही. शिवाय एएनसी हा नुसता भाग बसवून मिळणारा गुण नाही. माइक आणि स्पीकर यांचा मेळ तंतोतंत घालावा लागतो, तेव्हा उलटी लहर जुळते. कॉपीत सामान्य ब्लूटूथ चिप असते. बऱ्याच कॉप्यांत एएनसीचं बटण दाबलं की टुंग आवाज येतो आणि पुढं काहीच होत नाही. म्हणजे ज्या कामासाठी बड्स घ्यायचे, नेमकं तेच काम त्यात नसतं.

फोनवर पांढऱ्या डबीचं चित्र उमटलं, सिरियल नंबर ॲपलच्या साइटवर खरा निघाला, म्हणून माल खरा, असंही नाही. चित्र उमटवणं कॉपीवाल्यांना केव्हाच जमलंय. सिरियल नंबर ते खऱ्या एका डब्याचा उचलतात आणि शेकडो डब्यांवर तोच छापतात. checkcoverage.apple.com वर तो टाकला तर मॉडेल बरोबर दिसेलही. त्यामुळे नंबर चुकीचा निघाला तर माल नक्की खोटा, पण बरोबर निघाला म्हणजे खरा असं नव्हे. आयओएस १६ किंवा पुढचं असलेला आयफोन मात्र जोडताना ‘हे खरे एअरपॉड्स असल्याची खातरी करता आली नाही’ अशा अर्थाची सूचना देतो. ओळखीत कुणाचा आयफोन असेल तर मिनिटात निकाल लागतो. मुलाचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याला ही सूचना दिसणारच नाही. आणि खरं सांगायचं तर अँड्रॉइडवर अस्सल एअरपॉड्सचीही निम्मी सोय बंदच राहते.

बिल नाही, याचा अर्थ फक्त जीएसटी वाचला असा नसतो. महिन्याभरात एक बड मुका झाला तर दाद मागायला हातात कागदच नाही. कॉपीतल्या सेलला जादा चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणारं सर्किट असेलच याचीही हमी नाही, आणि ही वस्तू उशीशेजारी रात्रभर चार्जिंगला राहणार आहे. केस फुगली, झाकण नीट बसेना, किंवा चार्ज होताना हाताला चटका लागला, तर त्या दिवसापासून ती वापरातून काढायची.

आता दुसरं गृहीत. डुप्लिकेट फक्त महाग मालाचं निघतं असं समजून तुम्ही पहिल्या डब्याबाबत निर्धास्त असाल, तर तसं राहू नका. हजार-बाराशेच्या चालत्या मॉडेलचीही नक्कल होते, कारण ती जास्त खपतात. डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव आणि पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा नंबर हे कायद्यानं असावंच लागतं. आयात मालावर हे बहुधा वेगळ्या चिकटपट्टीवर असतं. पट्टीच नसेल तर डबा खाली ठेवा. मग भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’नं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या ब्रँडच्या, कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या वस्तूसाठी तो दिलाय ते दिसतं. ॲपमध्ये चार्जर निघाला आणि हातात बड्स आहेत, किंवा ब्रँडच दुसरा निघाला, तर उत्तर मिळालं. इथंही तीच सावधगिरी: क्रमांक जुळला म्हणजे शंभर टक्के खरा असं नाही, नक्कलवाला तोही उचलू शकतो. त्याच्या जोडीला ब्रँडचं स्वतःचं ॲप वापरा. खरे बड्स ॲपला सापडतात, बॅटरी दाखवतात, अपडेट मागतात. नकली बहुतेकदा ब्लूटूथच्या यादीत त्याच नावानं दिसतात, पण ॲप त्यांना ओळखत नाही. या कारणासाठी दोन हजारांत मी ॲप असलेलाच ब्रँड पाहीन, बिनॲपचा नाही.

बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षरांचा. महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. services.gst.gov.in वर तो शोधला की दुकानाचं नाव दिसतं. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, नुसतं ‘इअरबड्स १ नग’ नको. ऑनलाइन घेणार असाल तर वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव असतं, तिथं ब्रँडचा अधिकृत विक्रेता आहे का ते पाहा, आणि डबा फोडताना पावतीच्या लेबलापासून सलग व्हिडिओ काढा. माल खोटा निघाला आणि कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढं जावं लागलंच तर आता तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दुकान लातूरचं असलं तरी तुम्ही परभणीला करू शकता, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही.

बड्स हातात आले की परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावरच पाहून घ्या, आणि त्या मुदतीत मुलानं तीन गोष्टी कराव्यात. कूलर चालू करून त्याच्यासमोर बसायचं, काहीही गाणं न लावता एएनसी चालू-बंद, चालू-बंद करायचं. घूं एकदम खाली गेली पाहिजे. फक्त ‘एएनसी ऑन’ अशी बाई बोलली आणि घूं तशीच राहिली तर आधी टिपा बदलून पाहायच्या, तरीही तेच असेल तर परत. मग त्याच खोलीतून तुम्हाला फोन करायचा, कूलर चालूच ठेवून. त्याचं बोलणं तुम्हाला नीट कळतं का आणि शब्दांची टोकं खाल्ली जातात का ते तुम्ही सांगायचं, कारण ईएनसीचा निकाल पलीकडच्यालाच लागतो. तिसरं, बड्स पूर्ण भरून, आवाज निम्म्यावर आणि एएनसी चालू ठेवून एक लांब रेकॉर्डेड लेक्चर सलग लावायचं, सुरू केल्याची वेळ वहीत लिहायची. दोन्हींतला एक बड आधी बंद पडेल. पाच-दहा मिनिटांचा फरक चालतो. पण एक पाच तासांवर आणि दुसरा साडेतीनवर गेला, तर तो सेल पहिल्या दिवसापासून कमजोर आहे. मुदतीच्या आत जोडी बदलून घ्या, कारण नंतर दुकानदार तो दोष वापराच्या माथी मारेल.